पेटी कॅशचा डबा पहिल्यांदा हातात आला की

ऑफिसात अकाउंट्सला नवीन लागलं की दोन-चार दिवसांत कुणीतरी एक कुलपाचा पत्र्याचा डबा पुढे सरकवतं आणि म्हणतं, "हे आता तुम्ही बघायचं." आत काही नोटा, रबरबँड लावलेल्या चिठ्ठ्या आणि तळाशी चिल्लर. माझ्याकडे हा डबा आला तेव्हा मी पुण्यातल्या एका अकरा जणांच्या डिझाइन ऑफिसात होतो. डब्यात दहा हजार ठेवायचे अशी पद्धत होती. दहाच का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत जे चुकत गेलं आणि जे बसत गेलं, ते इथे क्रमाने लिहितो. आकडे त्याच ऑफिसातले आहेत, तुमचे वेगळे असतील. हिशोबाची रीत मात्र हीच लागेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पेटी कॅशची रक्कम, म्हणजे फ्लोट, ठरलेली असते आणि ती बदलत नाही. फ्लोट ३,००० असेल तर कुठल्याही क्षणी डब्यातली रोख आणि अजून भरपाई न झालेली व्हाउचरं मिळून ३,०००च भरली पाहिजेत. पैसे गेले की त्यांच्या जागी तेवढ्याच रकमेचा कागद येतो. खाली जे काही आहे ते या एका बेरजेभोवतीच फिरतं.

काय लागेल

- कुलपाचा डबा, किल्ली एकाच माणसाकडे; दुसरी किल्ली मालकांकडे बंद पाकिटात
- छापील क्रमांकाचं व्हाउचर बुक (सुट्या कागदाच्या चिठ्ठ्या नकोत)
- एक जाड वही, पेटी कॅशची कीर्द म्हणून
- मालकांच्या सहीचं एक पत्र: फ्लोट किती, ताबा कुणाकडे, मंजुरी कुणाची
- कच्च्या पावत्या डकवायला पाठकोरे कागद आणि डिंक

१. डबा घ्यायच्या आधी मोजा

ज्यांच्याकडून डबा घेताय त्यांच्यासमोर बसून नोटा मोजा, चिठ्ठ्या मोजा, बेरीज लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. संकोच वाटतो, विशेषतः समोरची व्यक्ती दहा वर्षं जुनी असेल तर. मी संकोचलो आणि "सगळं बरोबर आहे" यावर विश्वास ठेवला. आठवड्याने कळलं की त्यातल्या १,२०० रुपयांच्या चिठ्ठ्या म्हणजे खर्च नव्हताच, सहा महिन्यांपूर्वी कुणी कुणी घेतलेली उचल होती. त्यातले दोघे नोकरी सोडून गेले होते. मोजणीचा कागद नसल्यामुळे ती रक्कम माझ्याच काळातली दिसत होती.

२. चार आठवड्यांचा खर्च उतरवून काढा

फ्लोट अंदाजाने ठरवू नका. मागची व्हाउचरं काढा आणि सलग चार आठवड्यांचा खर्च आठवड्यानुसार आणि बाबींनुसार लिहा. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे, कारण शेवटच्या आठवड्यात खर्च फुगतो. आमचा चार आठवड्यांचा खर्च ११,०५० रुपये निघाला:

- चहा, दूध, साखर, पाहुण्यांचा नाश्ता: ४,१३०
- रिक्षा, पार्किंग, साइटवर जाणं-येणं: १,९८०
- झेरॉक्स, प्रिंट, स्टेशनरी: १,५४०
- कुरिअर, पोस्ट: १,४६०
- पाण्याचे जार (२८ जार, ४० रुपयांप्रमाणे): १,१२०
- सफाईचं सामान, बारीकसारीक दुरुस्ती: ८२०

ही यादी सरांपुढे, म्हणजे आमच्या मालकांपुढे, ठेवली तेव्हा ते चहाच्या आकड्यावर थबकले. मला मात्र दुसरंच दिसत होतं. यातला निम्मा खर्च दर आठवड्याला त्याच माणसाला, जवळजवळ त्याच रकमेचा जात होता. तसल्या खर्चाला रोख रक्कम हवीच कशाला?

३. नेहमीचा खर्च डब्याबाहेर काढा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग मोठा फ्लोट सांभाळत बसतात. रोजची रोख कमी करायची तर "काटकसर करा" म्हणून चालत नाही. कुणाला रोज रोखीत देतोय आणि कुणाला महिन्याचं बिल घेऊन कंपनीच्या खात्यातून देता येईल, हे बघावं लागतं.

पाणीवाला लगेच तयार झाला. जारचं कार्ड ठेवायचं, तो टाकेल तितक्या खुणा करायच्या, एक तारखेला बिल. कुरिअरवाल्याकडे महिन्याचं खातं उघडलं. त्याचं जीएसटीचं बिल कंपनीच्या नावाने आणि नंबरासह येऊ लागलं, जे सुट्या पावत्यांवर कधीच येत नव्हतं. दुपारच्या चहाला थोडं बोलावं लागलं. टपरीवाल्याला रोजचे पैसे रोज हवे होते, कारण त्याला सकाळी दूध रोखीने घ्यावं लागतं. शेवटी आठवड्याचं ठरलं. दर शनिवारी ऑफिसच्या खात्यातून यूपीआयने पैसे. रोजचे ११ कप, १० रुपयांप्रमाणे ११० रुपये, आणि आमचा आठवडा सहा दिवसांचा.

टपरीच्या खात्यात एक खाच आहे. फक्त त्याच्या वहीवर विसंबू नका. आमच्या पॅन्ट्रीच्या दाराला एक कागद चिकटवला होता, शिपाईमामा चहा आला की त्यावर कप लिहीत. पहिल्याच आठवड्यात दोन आकड्यांत नऊ कपांचा फरक आला. लबाडी कुणाचीच नव्हती: वरच्या मजल्यावरच्या ऑफिसचे दोन चहा तो चुकून आमच्या पानावर लिहीत होता आणि एकदा आम्हीच पाहुण्यांचे कप लिहायला विसरलो होतो.

या तीन गोष्टी बाहेर गेल्या तेव्हा ११,०५० मधले ५,२२० रुपये (पाणी १,१२०, कुरिअर १,४६०, टपरीचा चहा २,६४०) डब्यातून कमी झाले. उरले ५,८३०.

४. आता फ्लोटचा आकडा काढा

उरलेला खर्च आठवड्यानुसार असा होता: १,२२०, १,५१०, १,०९०, २,०१०. इथे सरासरी घेऊ नका. सरासरी १,४५७ येते आणि तेवढाच फ्लोट ठेवला तर चारातल्या दोन आठवड्यांत डबा रिकामा होतो. मग लोक खिशातले पैसे घालतात आणि हिशोब तिथेच बिघडतो.

सगळ्यांत जड आठवडा घ्या, त्यात दोन दिवसांचा खर्च मिळवा. आमचा जड आठवडा २,०१०. सहा दिवसांनी भागून दिवसाला ३३५. दोन दिवसांचे ६७०. बेरीज २,६८०. वर सरकवून ३,०००. दोन दिवस अशासाठी, की शनिवारी डबा पुन्हा भरायला, म्हणजे भरण्याला, सरांची सही लागते आणि ते साइटवर असले तर ती सोमवारवर जाते. तुमच्याकडे सहीला चार दिवस लागत असतील तर चार दिवस धरा. भरणा दर आठवड्याला होतो म्हणून आठवडा हे माप धरलं. पंधरवड्याने होत असेल तर जड पंधरवडा धरा.

एक खालची पातळीही ठरवा. आमची होती ७००, म्हणजे साधारण तेच दोन दिवस. रोख ७०० च्या खाली गेली की शनिवारची वाट न बघता भरणा मागायचा.

दहा हजारांचा डबा तीन हजारांवर आला. फ्लोट मोठा असेल तर मोजणी लांबते, "डब्यात आहेत ना, द्या" असं म्हणायची सवय लागते आणि काही हरवलं तर मोठंच हरवतं.

५. एका व्हाउचरची मर्यादा

डब्यात ३,००० आहेत म्हणून एकाच वेळी २,५०० देता येत नाहीत. आमचे नियम तीन ओळींचे होते आणि डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले होते. ३०० पर्यंत मी देऊ शकतो. ३०० ते ७५० ला सरांची सही आधी. ७५० च्या वर डब्यातून काहीच नाही, बँकेतूनच.

याची पळवाट लगेच निघते: १,१०० रुपयांच्या टोनरचं बिल दोन व्हाउचरांत, ६०० आणि ५००. एकाच दुकानाची, एकाच तारखेची, लागोपाठच्या नंबरांची दोन बिलं दिसली की थांबा आणि विचारा.

शिवाय आयकराचा नियमही माहीत असू द्या. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीत दिली तर तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. मालवाहतूकदारांच्या बाबतीत ही मर्यादा ३५,००० आहे. दिवसभरातली सगळी रोख एकत्र धरतात, त्यामुळे तुकडे करून उपयोग नाही. पेटी कॅशमध्ये ही वेळ यायलाच नको. पण "डब्यात कमी आहेत, गल्ल्यातून घ्या" अशी सवय असलेल्या दुकानांत ती येते.

६. पैसे द्यायच्या आधी व्हाउचर

तारीख, कुणाला, कशासाठी, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, घेणाऱ्याची सही. "कशासाठी" या रकान्यात "रिक्षा" लिहिणं पुरेसं नाही. "रिक्षा, ऑफिस ते बाणेर साइट, मोजमापं घ्यायला" असं लिहा. मार्च उजाडल्यावर ऑडिटला बसलेला मुलगा विचारतो तेव्हा तुम्हाला आठवत नाही, कागदाला आठवतं.

रिक्षा, हमाली, भंगारवाल्याकडून घेतलेला दोर, यांना पावती मिळत नाही. त्यासाठी घेणाऱ्याच्या सहीचं व्हाउचर चालतं. दुकानाचं बिल मिळू शकत असेल तर मात्र व्हाउचरवर भागवू नका. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे; पैसे गेले एवढंच त्यातून कळतं, काय घेतलं ते नाही. थर्मल कागदाच्या पावत्या दोन महिन्यांत पांढऱ्या पडतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून मागे जोडा.

उचल हा वेगळा त्रास. मामांना झेरॉक्सला पाठवताना २०० दिले, खर्च १३४ झाला, ६६ परत आले. या मधल्या तासाभरात डब्यात काय ठेवायचं? आम्ही पिवळ्या रंगाची वेगळी चिठ्ठी ठेवायचो: "मामा, २००, सकाळी ११". परत आले की पिवळी चिठ्ठी फाडायची आणि १३४ चं व्हाउचर करायचं. संध्याकाळी डब्यात एकही पिवळी चिठ्ठी राहता कामा नये. राहिली तर ती खर्च नाही, उधारी आहे. पहिल्या दिवशी माझ्या पदरी पडलेले १,२०० असेच जमले होते.

आणि हो, मालकही चिठ्ठी देतात. सर जाता जाता "पाचशे दे रे" म्हणायचे. पहिल्या महिन्यात मी दिले आणि लिहिले नाहीत. नंतर मी पिवळं बुक पुढे करू लागलो. ते हसले, पण सही करू लागले.

७. शनिवारची मोजणी आणि भरणा

एक शनिवार जसाच्या तसा सांगतो. फ्लोट ३,०००. आठवड्याची व्हाउचरं १,६८५ रुपयांची. म्हणजे रोख १,३१५ हवी. मोजली ती अशी: ५०० ची एक, १०० च्या पाच, ५० च्या तीन, २० च्या चार, १० च्या सहा, नाणी १५ रुपयांची. बेरीज १,३०५. दहा रुपये कमी.

नवीन माणूस इथे खिशातून दहाची नोट टाकतो. मीही एकदा टाकली होती, दहाची नाही, १८० रुपयांची. पुढच्या शनिवारी १८० जास्त आले. कुरिअरचं ३१० चं बिल मी वहीत १३० लिहिलं होतं. बिल सापडलं, आकडा दुरुस्त केला आणि माझेच पैसे डब्यात परके झाले. फरक ९ ने भागला जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आधी तपासा: ३१०-१३०, ५४०-४५०, ६३-३६. फरक आठवड्यातल्या एखाद्या व्हाउचरच्या रकमेइतकाच असेल तर ते दोनदा लिहिलं गेलंय किंवा लिहायचंच राहिलंय.

ते दहा रुपये सापडले नाहीत. तेव्हा "रोख तूट, १०" असं व्हाउचर करून सरांची सही घेतली. जास्त आली तरी तसंच, "रोख वाढ" म्हणून जमा करायची. वर्षभरात या ओळी किती आणि केवढ्या, हे मालकांना दिसलं पाहिजे. दर आठवड्याला हिशोब पैशापर्यंत जुळत असेल तर मला उलट शंका येते.

आता भरणा. व्हाउचरं १,६८५ आणि तूट १०, मिळून १,६९५. डब्यात भरायची रक्कम व्हाउचरांइतकीच, "दोन हजार काढून टाकू" असं नाही. एटीएममधून १,६९५ निघत नाहीत, म्हणून लोक १,७०० काढतात आणि दर आठवड्याला फ्लोट थोडा थोडा सरकत जातो. आम्ही ९५ रुपयांचं एक रिक्षाचं व्हाउचर पुढच्या आठवड्यासाठी मागे ठेवलं आणि १,६०० काढले. रोख २,९०५, व्हाउचर ९५, बेरीज ३,०००. बँक जवळ असेल तर सेल्फ चेकने अचूक रक्कम मिळते आणि काउंटरवर दहा-वीसच्या नोटा मागता येतात. पाचशेच्या नोटांनी भरलेला डबा रिक्षावाल्यासमोर काही कामाचा नसतो.

भरणा झालेल्या व्हाउचरांवर "भरपाई दिली" असा तारखेचा शिक्का मारा. शिक्का नसेल तर तेच कागद पुढच्या महिन्यात पुन्हा डब्यात येतात, कधी चुकून, कधी मुद्दाम.

टॅलीत `Cash-in-Hand` गटाखाली `Petty Cash` असं वेगळं लेजर उघडा. बँकेतून डब्यात आलेले पैसे `F4` `Contra` मध्ये, डब्यातून झालेला खर्च `F5` `Payment` मध्ये. भरण्याची रक्कमच सरळ "ऑफिस खर्च" म्हणून टाकली तर बाबींचा हिशोब कधीच मिळत नाही.

८. फ्लोट वेगळा, बजेट वेगळं

मला हे उशिरा उमगलं. फ्लोट ३,००० आहे म्हणून खर्च आटोक्यात आहे असं होत नाही. तोच डबा महिन्यात चार वेळा पूर्ण भरला तर १२,००० गेले, आणि प्रत्येक शनिवारी बेरीज मात्र चोख जुळत होती. फ्लोटने चोरी आणि चूक सापडते. उधळपट्टी बजेटने सापडते.

आमचं महिन्याचं बजेट वहीच्या पहिल्या पानावर होतं: प्रवास २,०००, झेरॉक्स-स्टेशनरी १,५००, दूध-नाश्ता १,५००, सफाई-दुरुस्ती ९००, इतर ३००. एकूण ६,२००. प्रत्येक भरण्याच्या वेळी बाबीपुढे आतापर्यंतची बेरीज पेन्सिलीने लिहायची. पंधरा तारखेला एखादी बाब निम्म्याच्या बरीच पुढे असेल तर सरांशी बोलायचं, महिनाअखेरीला नाही. "इतर" मुद्दाम लहान ठेवा. तिथे तीनशेच्या वर गेलं की त्यातलं काहीतरी स्वतःची बाब मागतंय.

जुलैत प्रवासाची बेरीज पंधरा तारखेलाच १,६४० झाली. वाटलं, कुणीतरी रिक्षेची चैन करतंय. व्हाउचरं पसरली तेव्हा बहुतेक एकाच साइटची निघाली. पावसात पोरं दुचाकीऐवजी रिक्षाने जात होती, आणि त्या कामाच्या करारात साइटभेटीचा खर्च ग्राहकाकडून घ्यायचा होता. तो खर्च ऑफिसचा नव्हताच. "ऑफिस ते बाणेर साइट" असं लिहिलेलं होतं म्हणून तो वेगळा काढून बिलात लावता आला.

९. गणपती आणि दिवाळी

वर्गणी, दसऱ्याचे हार, खंडेनवमीची पूजा, दिवाळीची पोस्त. या दिवसांत सगळे म्हणतात, फ्लोट वाढवा. वाढवू नका, वाढवलेला फ्लोट पुन्हा खाली येत नाही. सणाची रक्कम वेगळी मंजूर करून वेगळ्या पाकिटात ठेवा, तिची वेगळी यादी करा, आणि सण झाला की उरलेले पैसे बँकेत भरून पाकीट बंद करा. वर्गणी किती द्यायची हे मालकांनी ठरवायचं. दारात चार मुलं उभी असताना तुम्ही ठरवू नका. मंडळाची पावती घ्या. पोस्तीला पावती नसते, म्हणून पोस्टमन, वॉचमन, सफाईवाल्या मावशी अशी नावांची यादी आणि समोर सह्या.

१०. अचानक मोजणी आणि रजा

लहान ऑफिसात पैसे देणारा, लिहिणारा आणि मोजणारा एकच असतो. त्यावर उपाय एकच: मालकांनी महिन्यातून एकदा, न सांगता, मधल्या वारी येऊन डबा मोजायचा. तुम्हीच त्यांना तसं सुचवा. पैसे कमी पडले तर संशय तुमच्यावर येतो, आणि त्यांच्या सहीच्या चार मोजण्या वहीत असतील तर तुम्हाला बोलायला जागा राहते.

रजेवर जाताना किल्ली टेबलाच्या खणात ठेवून जाऊ नका. जो सांभाळणार त्याच्यासमोर मोजा, वहीत "रोख इतकी, व्हाउचरं इतकी, शेवटचा व्हाउचर नंबर अमुक" अशी ओळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या. परत आल्यावर पुन्हा तसंच. दोन दिवसांच्या रजेसाठी हे जास्तीचं वाटलं तर डबा रिकामा करून सगळी रोख सरांकडे द्या आणि त्या रकमेची पिवळी चिठ्ठी डब्यात ठेवा.